अनुक्रमणिकेवरून गोषवारा: निर्देशक की माहितीपर?

मुंबईच्या कॉलेजांत प्रोजेक्टच्या अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. विभागाच्या यादीत घालायला त्याचा चार ओळींचा गोषवारा हवा असतो, आणि हाती असतो फक्त अनुक्रमणिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो. गल्लत होते ती इथेच. निर्देशक गोषवारा अहवालात काय आहे ते सांगतो. माहितीपर गोषवारा काय निष्पन्न झालं ते सांगतो. अनुक्रमणिकेवरून पहिलाच लिहिता येतो.

समजा, विषय आहे ‘दादर फूल बाजारातील टाकाऊ फुलांपासून खत’. फोटोत दिसतं: ३.१ फुलांचे वर्गीकरण, ३.२ खड्डा पद्धत, ३.३ गांडूळखत पद्धत, ४.१ तापमान व ओलावा, ४.२ कर्ब-नत्र गुणोत्तर, ४.३ दोन्ही पद्धतींची तुलना, ५ निष्कर्ष व शिफारशी. प्रस्तावना आणि ऋणनिर्देश सोडून द्यायचे, ते प्रत्येक अहवालात असतात. उरलेल्यातून असा गोषवारा निघतो:

‘दादर फूल बाजारातील टाकाऊ फुलांपासून खड्डा आणि गांडूळखत या दोन पद्धतींनी केलेल्या खताचा हा अभ्यास आहे. तापमान, ओलावा आणि कर्ब-नत्र गुणोत्तर या निकषांवरील निरीक्षणे व दोन्ही पद्धतींची तुलना यात दिली असून शेवटी शिफारशी आहेत.’

यात ‘गांडूळखत सरस ठरले’ असं एक वाक्य घातलं की गोषवारा खोटा होऊ शकतो. ‘तुलना’ या शीर्षकातून तुलना केली एवढंच कळतं, कोण वरचढ ठरलं ते नाही. विषयाची माहिती असलेलाच माणूस इथे जास्त फसतो, कारण एरवी काय घडतं ते त्याला ठाऊक असतं आणि तेच तो लिहून टाकतो. तपासायची सोपी खूण म्हणजे क्रियापदं. ‘दिली आहे’, ‘मांडली आहे’ चालतात. ‘आढळले’, ‘वाढले’, ‘सिद्ध झाले’ दिसलं, तर त्याचा आधार फोटोत बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

फोटोचेही घोटाळे असतात. स्पायरल बायंडिंगकडची बाजू वळते आणि प्रकरणांचे क्रमांक कापले जातात, मग ४.३ हा उपभाग स्वतंत्र प्रकरण वाटतो. मजकूर मोबाइलने उचलला, तर आत सरकवलेल्या ओळी सपाट होतात. म्हणून पान सपाट दाबून, चारही कडा येतील असा फोटो मागवावा. सोबत तक्त्यांच्या यादीचाही. ‘तक्ता ४.२: ०, १५, ३० व ४५ दिवसांनी कर्ब-नत्र गुणोत्तर’ एवढ्या एका ओळीतून मोजमापाचे टप्पे कळतात, अनुक्रमणिका ते सहसा सांगत नाही.

माहितीपर गोषवाराच हवा असेल, तर आणखी तीन फोटो लागतात: पद्धतीच्या प्रकरणातलं नमुन्यांच्या संख्येचं पान, ४.३ मधला तुलनेचा तक्ता आणि निष्कर्षाचं पान. ते मिळेपर्यंत निर्देशकच द्यावा आणि खाली ‘अनुक्रमणिकेवरून तयार केला’ असं लिहावं.