विषयबदल हवा की शाखाबदल? प्राचार्यांना अर्ज लिहिण्याआधी

अकरावीचे वर्ग सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीवर अर्ज येऊ लागतात. मी बरीच वर्षं या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. एका वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, ‘मला स्ट्रीम चेंज करून मॅथ्स मिळावे.’ मुलगी वाणिज्यची होती आणि तिला वाणिज्यमध्येच राहायचं होतं. पण ‘स्ट्रीम’ हा शब्द वाचून अर्ज शाखाबदलाच्या गठ्ठ्यात गेला आणि जागा रिकामी होण्याची वाट बघत पडून राहिला. चूक लक्षात आली तेव्हा गणिताचे दोन धडे शिकवून झाले होते.

विषयबदल म्हणजे तुमची शाखा आणि प्रवेश तोच, फक्त एका ऐच्छिक विषयाच्या जागी दुसरा. शाखाबदल म्हणजे विज्ञानातून वाणिज्यला किंवा कलेला जाणं. तिथे तुम्ही विषय नव्हे, जागा बदलत असता. प्रत्येक शाखेची प्रवेशक्षमता वेगळी मंजूर झालेली असते, त्यामुळे प्राचार्यांची कितीही इच्छा असली तरी त्या शाखेत जागा रिकामी नसेल तर त्यांचे हात बांधलेले असतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, म्हणून शाखाबदलाची नोंद तिथल्या नियमांप्रमाणेही व्हावी लागते. अनुदानित तुकडीतून विनाअनुदानित तुकडीत गेलात तर फीही बदलते. म्हणून शाखाबदलासाठी आधी कार्यालयात जागा आहे का हे विचारा, अर्ज नंतर लिहा.

विषयबदलात अडचण येते ती वेळापत्रकाची. वाणिज्यचं उदाहरण घेऊ. इंग्रजी, दुसरी भाषा, अर्थशास्त्र, पुस्तपालन आणि वाणिज्य संघटन हे पाच झाले की सहावा विषय बहुतेक ठिकाणी गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे आपलं एसपी. हे दोन तास बहुधा एकाच वेळी असतात, काही ठिकाणी तर तुकड्याच त्याप्रमाणे पाडलेल्या असतात. एसपी सोडून गणित घ्यायचं म्हणजे कधी कधी तुकडी बदलते, हजेरी क्रमांक बदलतो. हे मुलांना ठाऊक नसतं आणि मैत्रिणीची तुकडी सुटली की रडू येतं, तेव्हा आधीच विचारून घ्या.

अर्जात ‘गणित’ एवढंच लिहू नका. बोर्डाकडे बारावीचं गणित दोन आहे: कला-विज्ञानाचं, सांकेतांक ४०, आणि वाणिज्यचं, सांकेतांक ८८. पुस्तकंही वेगळी आहेत. सांकेतांक लिहिला की शंकेला जागा उरत नाही.

त्या मुलीने दुसऱ्यांदा लिहिलेला अर्ज साधारण असा होता:

‘विषय: ऐच्छिक विषय बदलून मिळण्याबाबत (शाखा तीच).

महोदय, मी इयत्ता अकरावी वाणिज्य, तुकडी ब, हजेरी क्रमांक ३४ ची विद्यार्थिनी आहे. प्रवेशावेळी मी चिटणिसाची कार्यपद्धती (५२) हा विषय घेतला होता. त्याऐवजी मला वाणिज्य शाखेचे गणित व संख्याशास्त्र (८८) मिळावे. बाकीचे पाच विषय तेच राहतील. मला सीए फाउंडेशनची परीक्षा द्यायची आहे व तिच्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्र आहे. वर्गात झालेले पहिले दोन धडे मी घरी सोडवत आहे, वही सोबत दाखवते. तुकडी बदलावी लागल्यास माझी हरकत नाही. पालकांची संमती खाली आहे.’

या अर्जावर निर्णय घेणं सोपं गेलं. काय सोडायचं आणि काय हवं, ते सांकेतांकासह समोर होतं. कारण पुढच्या अभ्यासाशी जोडलेलं होतं. ‘एसपी कंटाळवाणं आहे’ किंवा ‘मैत्रिणी गणितात आहेत’ असं लिहिणारी मुलं खोटं बोलत नाहीत, पण त्या कारणावर प्राचार्य सही करत नाहीत. सगळ्यात उपयोगी पडलं ते वहीचं वाक्य. उशिरा बदल देताना शिक्षकांना खरी भीती असते ती हुकलेल्या भागाची. प्राचार्यांनी अर्ज गणिताच्या बाईंकडे पाठवला, त्यांनी वही चाळली, ‘हरकत नाही’ असा शेरा मारला आणि तिसऱ्या दिवशी मुलगी नव्या वर्गात बसली.

शाखाबदलाच्या अर्जात हा सगळा तपशील कमी कामाचा. तिथे दहावीचे गुण, प्रवेशाची पावती आणि कोणत्या शाखेत रिकामी जागा आहे हे लागतं. दोन्ही हवे असतील, म्हणजे विज्ञानातून वाणिज्यला येऊन गणितच ठेवायचं असेल, तर आधी शाखेचा अर्ज करा. जागा मिळाल्यावर विषय निवडताना ४० सोडून ८८ घ्यावं लागेल, कारण विज्ञानाचं गणित आपोआप सोबत येत नाही.

हे सगळं अकरावीत करा, आणि पहिल्या चाचणीच्या आत. बारावीत विषय अकरावीचेच पुढे चालतात आणि बोर्डाच्या अर्जात तेच भरले जातात. एकदा ते भरले की गोष्ट प्राचार्यांच्या टेबलावर संपत नाही.