रक्त न घेता शस्त्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

रक्त घेण्यास नकार असलेल्या रुग्णाची नियोजित शस्त्रक्रिया अनेकदा एका कागदावर अडते. ‘मला रक्त देऊ नये’ एवढ्या एका वाक्याचे, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र घेऊन कुटुंब येते आणि भूलतज्ज्ञ ते परत करतात. नकार अमान्य असतो म्हणून नव्हे, तर टेबलावर रक्तस्राव सुरू झाल्यावर नेमके काय चालेल हे त्या वाक्यातून कळत नाही म्हणून.

त्यामुळे संमतीपत्रात प्रत्येक गोष्टीपुढे स्वतंत्र ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे: तांबड्या पेशी, प्लेटलेट्स, प्लाझ्मा, प्लाझ्मातून वेगळे काढलेले अल्ब्युमिन हे प्रथिन, रक्त गोठवणारे घटक, आधी काढून ठेवलेले स्वतःचे रक्त आणि जखमेतले रक्त धुऊन परत देणारे सेल सेव्हर हे यंत्र. श्रद्धेपोटी रक्त नाकारणाऱ्या यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. पहिल्या तीन गोष्टी ते नाकारतात, अल्ब्युमिनसारखे अंश घ्यायचे की नाही हे प्रत्येकाच्या विवेकावर सोडलेले असते, आणि शरीराबाहेर साठवलेले स्वतःचे रक्त चालेल का, हेही प्रत्येकाला विचारूनच कळते. सेल सेव्हरही काही जण स्वीकारतात, विशेषतः नळीतून रक्ताचा शरीराशी संबंध अखंड राहत असेल तर. म्हणूनच ‘स्वतःचेच रक्त काढून ठेवू’ असे नातेवाइकांनी परस्पर ठरवू नये.

सही रुग्णाची स्वतःची लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात, रुग्ण सज्ञान असून भुलेखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली गर्भाशय काढण्याची संमती ग्राह्य धरली नाही. तेव्हा पती किंवा मुलाची सही पुरेल असे समजू नये. डॉक्टरांनी रुग्णाशी एकट्याने, नातेवाइकांना बाहेर ठेवून बोलायला हवे, आणि तशी विनंती झाली तर कृपया रागावू नये. निर्णय बदलण्याचा अधिकार रुग्णाला शेवटपर्यंत असतो. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांनी दिलेला नकार याच मापाने मोजला जात नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेले ‘लिव्हिंग विल’ काही जण जोडतात. २०१८ च्या निकालातून आलेला आणि २०२३ मध्ये सोपा केलेला तो दस्तऐवज बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेतील उपचारांसाठी आहे. बऱ्या होणाऱ्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत तो रक्तनकाराचे संमतीपत्र ठरत नाही.

मुदतीचा घोळ सर्वाधिक होतो तो स्वतःचे रक्त आधी देण्यात. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी मागणी, रुग्णाची संमती आणि साधारण ११ ग्रॅम हिमोग्लोबिन लागते. शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी काढलेली असावी. रक्त गोठू न देणाऱ्या नेहमीच्या सीपीडीए द्रावणातील रक्त ३५ दिवस टिकते. ही मुदत रक्त काढल्या दिवसापासून मोजतात, दाखल झाल्या दिवसापासून नव्हे. तारीख या मुदतीपलीकडे ढकलली गेली की पिशवी वाया जाते.

फायब्रॉइडच्या गाठींमुळे गर्भाशय काढायचे असलेल्या साठ किलो वजनाच्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. किलोमागे ६५ मिलिलिटर धरता तिच्या शरीरात सुमारे ३,९०० मिलिलिटर रक्त आहे. हिमोग्लोबिन १० असेल तर स्वतःचे रक्त साठवण्यास ती अपात्र ठरते. हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरू द्यायचे ठरवले, तर ढोबळ हिशेबाने ती सुमारे १,१७० मिलिलिटर रक्तस्राव सोसू शकते. आधीच्या काही आठवड्यांत शिरेतून लोह देऊन, गरज पडल्यास तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची जोड देऊन तेच हिमोग्लोबिन १३ वर नेले, तर ही मर्यादा सुमारे १,८०० वर जाते. म्हणजे सहाशेहून अधिक मिलिलिटरची सवलत, तीही कोणाचे रक्त न घेता. एरिथ्रोपोएटिनच्या काही औषधांत अल्ब्युमिन असते, तेव्हा तेही विचारून घ्यावे. म्हणूनच भूलपूर्व तपासणी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी उरकण्याच्या पद्धतीचा मला संताप येतो. त्या दिवशी रक्तक्षय सापडला तर उपचाराला वेळच उरत नाही. चार ते सहा आठवडे आधी तपासणी मागून घ्यावी.

सेल सेव्हर जखमेतले रक्त ओढून घेतो, गाळतो, फिरवून सलाइनने धुतो आणि तांबड्या पेशी परत देतो. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स धुण्यात निघून जातात, त्यामुळे रक्तस्राव फार मोठा झाल्यास रक्त गोठण्याची अडचण हे यंत्र सोडवत नाही. आतड्यातील मळ मिसळलेले रक्त सहसा वापरत नाहीत, आणि कर्करोगात डॉक्टर वेगळा विचार करतात. यंत्र रुग्णालयात आहे का, ते चालवणारा तंत्रज्ञ त्या तारखेला कामावर असेल का आणि एकदाच वापरायच्या संचाचा खर्च कोण देणार, हे तीन प्रश्न संमतीपत्र देतानाच लेखी विचारावेत. उत्तर ‘नाही’ आले, तर दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी मागावी.