भागाकार अडतो तिथे: माश्के, डिक्सन आणि दोन घटकांचा ग्रुप

१८९२ साली शिकागो विद्यापीठ सुरू झालं तेव्हा गणित विभागाची सूत्रं ई. एच. मूर यांच्याकडे होती आणि हाइनरिश माश्के त्यांचे सहकारी होते. विभागाच्या पहिल्या काही वर्षांतच लिओनार्ड डिक्सन यांनी मूर यांच्या हाताखाली पीएचडी केली. सांत ग्रुपवर सरासरी घेण्याची युक्ती कुठे चालते आणि कुठे अडते, याची गोष्ट बरीचशी या एकाच विभागात घडली.

प्रश्न असा. एखादा सांत ग्रुप G व्हेक्टर स्पेस V वर क्रिया करतो, आणि त्यातली सबस्पेस W ग्रुपच्या क्रियेने स्वतःतच राहते. W ला असा पूरक मिळेल का, जोही ग्रुपच्या क्रियेने हलत नाही? मिळाला तर V चे दोन स्वतंत्र तुकडे पडतात.

मूर यांनी १८९८ मध्ये दिलेली कल्पना सुंदर आहे. सम्मिश्र संख्यांवरचा कुठलाही अंतर्गुणाकार घ्या, ग्रुपच्या प्रत्येक घटकाने तो फिरवा आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरीज ग्रुपला बांधील होते आणि धन असल्यामुळे अंतर्गुणाकारच राहते. मग W ला लंब असलेली सबस्पेस हाच पूरक. यात भागाकार कुठेच नाही, सगळी भिस्त धनतेवर आहे. याच सुमारास, १८९८-९९ मध्ये, माश्के यांचं प्रमेय आलं. आज पाठ्यपुस्तकांत त्याची जी सिद्धता असते ती धनता मागतच नाही. ती W वरचं कुठलंही प्रोजेक्शन π घेते आणि gπg⁻¹ यांची सरासरी काढते. W मधल्या व्हेक्टरवर प्रत्येक gπg⁻¹ काहीच बदल करत नाही, म्हणून W वर बेरीज म्हणजे |G| पट. |G| ने भागलं की पुन्हा प्रोजेक्शन, आणि त्याचा कर्नल हा हवा तो पूरक.

म्हणजे सगळं |G| ने भागण्यावर आलं. फील्डचं कॅरॅक्टरिस्टिक p असेल आणि p ने |G| ला निःशेष भाग जात असेल, तर त्या फील्डमध्ये |G| शून्यच असतो.

सर्वांत लहान उदाहरण हाताने करून बघू. ग्रुपमध्ये दोनच घटक: एकक आणि g. क्रिया म्हणजे अदलाबदल, g(x, y) = (y, x). W ही (1, 1) ची रेषा. प्रोजेक्शन घेऊ π(x, y) = (x, x). मग gπg⁻¹(x, y) = (y, y), आणि बेरीज (x+y, x+y). वास्तव संख्यांवर हिला २ ने भागा: (1, 1) जागेवर राहतो आणि कर्नल मिळतो (1, −1) ची रेषा. अदलाबदलीने ती स्वतःवरच येते, काम झालं. तीन घटकांच्या फील्डवरही हेच चालतं, कारण तिथे २ चा व्यस्त २ आहे.

आता फील्ड फक्त 0 आणि 1 यांचं घ्या. बेरीज (x+y, x+y) हीच राहते, पण (1, 1) वर तिची किंमत (0, 0). जिच्यावर प्रोजेक्शन हवं होतं, त्या W लाच ती पुसून टाकते. आणि −1 म्हणजे 1 असल्याने (1, −1) ची रेषा ही W च आहे. पूरक W मध्येच जाऊन बसला. मूर यांची वाटही इथे बंद होते: नेहमीचा अंतर्गुणाकार अदलाबदलीला बांधील आहे खरा, पण (1, 1) स्वतःलाच लंब आहे.

सरासरी चुकली, पण दुसऱ्या एखाद्या युक्तीने पूरक मिळेल, असं वाटू शकतं. इथे ते मोजून तपासता येतं. या स्पेसमध्ये शून्येतर व्हेक्टर तीनच, म्हणून रेषाही तीनच. (1, 0) आणि (0, 1) यांच्या रेषा अदलाबदलीत एकमेकींच्या जागी जातात. जागेवर राहते ती एकटी W. तेव्हा पूरक नाहीच.

p ने |G| ला भाग जात नसेल तर सम्मिश्र संख्यांवर ग्रुपच्या अशा क्रियांचा फ्रोबेनियस यांनी उभारलेला सिद्धांतच पुढे चालतो आणि भाग गेला तर चित्र बदलतं, हे डिक्सन यांनी १९०२ ते १९०७ च्या लेखांत मांडलं. त्या दुसऱ्या बाजूचा पद्धतशीर सिद्धांत उभा राहिला तो रिचर्ड ब्राउअर यांच्या १९३५ नंतरच्या कामातून.

पण p ने भाग गेला म्हणून प्रत्येक सबस्पेसचा पूरक हरवतो असं नाही. डोनाल्ड हिगमन यांनी १९५४ मध्ये दाखवलं की भागाकार नेहमी लागतोच असं नाही. ज्याच्या gθg⁻¹ यांची बेरीज एकक नकाशा येईल, असा एक रेखीय नकाशा θ पुरतो. वरच्याच 0-1 च्या स्पेसवर θ(x, y) = (x, 0) घ्या. gθg⁻¹ येतो (0, y), आणि बेरीज (x, y). म्हणून ही अख्खी द्विमित स्पेस याच ग्रुपच्या एखाद्या मोठ्या स्पेसमध्ये सबस्पेस म्हणून बसली, तर तिला पूरक नक्की मिळतो. तिच्या आतल्या W रेषेला मात्र असा θ नाही: एका मितीत θ म्हणजे एका संख्येने गुणणं, आणि त्याची बेरीज त्या संख्येची दुप्पट, म्हणजे शून्य.