कागदावरचा कट, मजकुरातला कट

आज मुलाखत कापायला बसलं की स्क्रीनवर एका बाजूला बोलण्याचा मजकूर दिसतो. नको असलेलं वाक्य निवडून डिलीट दाबलं की टाइमलाइनवरचं चित्र आणि आवाज तेवढाच गळून पडतो. अ‍ॅडोबीने प्रीमिअर प्रोमध्ये ही सोय मे २०२३मध्ये आणली आणि त्याच वर्षी दाविंची रिझॉल्व्हच्या १८.५ आवृत्तीतही ती आली. मुलाखत मजकुरावरून कापायची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. तिला पेपर एडिट म्हणत, आणि त्यात खरोखरची कात्री असे.

कॅमेऱ्याच्या टेपची व्हीएचएसवर कॉपी काढायची आणि त्या कॉपीत चित्रावरच टाइमकोडचे, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या पत्त्याचे, आकडे पळत असायचे. टायपिस्ट पॉजच्या बटणावर बोट ठेवून ऐकायची, टाइप करायची, पुन्हा मागे जायची. तासाभराच्या मुलाखतीला सहज चार तास लागत. समासात प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीचा पत्ता लिहिलेला असे, उदाहरणार्थ 03:14:32:08. त्यातला पहिला आकडा सहसा तासाचा नसून टेपचा क्रमांक असे, म्हणजे तिसरी टेप. शेवटचा आकडा फ्रेमचा, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. १९६०च्या दशकाच्या अखेरीस टाइमकोड आला आणि प्रत्येक फ्रेमला असा स्वतःचा नंबर मिळाला, म्हणून हे जमू लागलं. मग दिग्दर्शक पानं कापून, चिकटवून नवा क्रम लावायचा आणि तो गठ्ठा एडिटरच्या टेबलावर यायचा.

गठ्ठा हातात आला की खरी कटकट सुरू व्हायची. पत्ता उत्तराचा असे, वाक्याचा नसे. चाळीस सेकंदांच्या उत्तरात हवं ते वाक्य कुठे आहे, हे टेप पुढेमागे सरकवणारा जॉग फिरवूनच शोधावं लागे. शिवाय कागदावर झकास जुळलेली दोन वाक्यं आवाजात जुळतीलच असं नाही. पहिल्याच्या शेवटी सूर वर गेलेला असतो आणि दुसरं थकल्यासारखं सुरू होतं. कागदावर दोन्हीकडे फक्त पूर्णविराम.

म्हणून या साऱ्या इतिहासाचा धागा एकच आहे, आणि तो म्हणजे मजकूर आणि आवाज यांच्यातला दुवा किती बारीक करता येतो. यंत्राला बोलणं ‘समजणं’ ही त्यातली नंतरची गोष्ट. २००७मध्ये अ‍ॅव्हिडने मीडिया कंपोझर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्टसिंक आणलं, त्यात तर ओळखण्याचा भागच नव्हता. टाइप केलेला मजकूर तुम्ही द्यायचा. नेक्सिडिया या कंपनीचं तंत्र त्या मजकुराचे उच्चार बनवून आवाजात ते कुठे आहेत ते शोधायचं आणि ओळीवर क्लिक केलं की चित्र तिथे जायचं. टायपिस्टचे चार तास वाचले नाहीत, जॉग फिरवणं वाचलं. हे तंत्र मधली काही वर्षं नव्या आवृत्त्यांतून गायब होतं. २०१७मध्ये ते परत आलं, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अ‍ॅडोबीने उलट्या टोकाने सुरुवात केली. २००८च्या प्रीमिअर सीएस४मध्ये बोलणं आपोआप मजकुरात उतरायचं. फुटेज शोधायला त्याचा थोडाफार उपयोग होई, पण ज्यावर विसंबून एडिटची मांडणी करावी असा तो मजकूर नव्हता. २०१४मध्ये अ‍ॅडोबीने ही सोय काढून टाकली. ती चूक नव्हती असं माझं मत आहे. अर्धवट बरोबर मजकूर एडिटरला दुप्पट काम लावतो, कारण प्रत्येक ओळ ऐकून ताडून पाहावी लागते.

मधल्या काळातलं माझ्या मते सर्वांत समजूतदार काम २०१२चं आहे. फ्लोरेन बर्थूझोझ, विल्मोट ली आणि मनीष अगरवाला या संशोधकांनी मुलाखतीच्या एडिटसाठी एक साधन मांडलं. मजकूर शब्दाशब्दाला चित्राशी बांधलेला होता, पण त्यांना ओळखीपेक्षा सांध्याची काळजी होती. कोणत्या शब्दानंतर तोंड मिटलेलं आहे, मान स्थिर आहे, म्हणजे कुठे कापलं तर चित्रातली उडी, म्हणजे जंप कट, कमी जाणवेल, हे त्यांचं साधन मजकुरातच दाखवायचं. पेपर एडिटला जे दिसत नसे, नेमकं ते.

त्यानंतर २०१७मध्ये अँड्र्यू मेसन यांचं डिस्क्रिप्ट हे मजकुरावरून कापायचं सॉफ्टवेअर आलं. आधी फक्त आवाजासाठी, व्हिडिओ पुढे. सप्टेंबर २०२२मध्ये बोलणं मजकुरात उतरवणारं ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल खुलं झालं आणि त्यात मराठीही होती. प्रीमिअरच्या २०२३च्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण मजकूर बाहेर व्हिस्परवर काढतात आणि टाइमकोडसह आत आणतात. पण व्हिस्पर बोलणं थोडं नीटनेटकं करून लिहितं, अडखळणं गाळतं आणि शांततेत कधीकधी न बोललेलं वाक्यही घालतं. वाचकाला हे चालेल, एडिटरला नाही.

एक वाक्य घेऊ. बाई कॅमेऱ्यासमोर म्हणतात, ‘तेव्हा मला, म्हणजे मला, भीती वाटली असं नाही, पण रात्रभर झोप लागली नाही.’ मजकुरात येतं, ‘तेव्हा मला भीती वाटली असं नाही, पण रात्रभर झोप लागली नाही.’ आता तुम्ही ‘मला’पासून कट घेतलात, तर ऐकू येतं ‘मला, म्हणजे मला, भीती’. गाळलेले शब्द आवाजात तसेच आहेत, आणि मजकूर-आवाजाच्या जुळवणीने ते सगळे एकाच ‘मला’च्या खात्यावर टाकले आहेत. ओळखायचं कसं? ‘मला’ म्हणायला पाव सेकंद लागतो, म्हणजे सहा-सात फ्रेम. इथे त्याची लांबी तीसेक फ्रेम दिसते. छोट्या शब्दाची लांबी अशी फुगलेली दिसली की खाली काहीतरी दडलंय समजायचं आणि वेव्हफॉर्म उघडायचा.

दुसरा ‘मला’ वेगळा काढायला जाल तर तो ‘म्हणजे’ला चिकटलेला आहे, कापला की ‘जे’चं शेपूट राहतं. त्यापेक्षा कट ‘भीती’वर घ्यावा. त्याआधी बाई किंचित थांबल्या आहेत, त्यामुळे सांधा स्वच्छ बसतो. ‘भीती वाटली असं नाही’ हे मराठीत ‘मला’शिवायही पुरतं उभं राहतं. शब्दाची मजकुरातली हद्द एक-दोन फ्रेम इकडेतिकडे असतेच, म्हणून कट दोन फ्रेम आधी घेऊन आवाजाला छोटा क्रॉसफेड द्यायचा.

शेवटाकडे आणखी जपायचं. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला बसतो. घाईत निवड ‘वाटली’वर थांबली तर बाईंनी म्हटल्याच्या अगदी उलट त्यांच्या तोंडी जातं, आणि मजकुरात ते वाक्य निर्दोष दिसतं.

‘नाही’ आणि ‘पण’ यांच्यामध्ये बाई दोन सेकंद गप्प आहेत. मजकुरात तिथे स्वल्पविराम किंवा कंसातले तीन ठिपके दिसतात, आणि असे सगळे ठिपके एका झटक्यात काढायची सोयही आहे. ती वापरली की बाई वाद घालताहेत असं वाटू लागतं. जुन्या टायपिस्ट अशा ठिकाणी स्वतःहून ‘(थांबून)’ असं लिहून ठेवत.