इन्काराच्या मेलचा ताळा

कामाच्या पत्रव्यवहारात एखादा सहकारी आधी झालेली गोष्ट झालीच नव्हती असे उत्तर पाठवतो, तेव्हा ते उत्तर त्याच साखळीतील जुन्या मेलांशी ताडून पाहण्याची ही रीत आहे. कोल्हापूर परिसरात तिची गरज फौंड्री व्यवसायात वारंवार भासते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत एकच कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, साच्याचा नमुना करणारे पॅटर्न शॉप, धातू ओतणारी फौंड्री आणि कातकाम करणारे मशीन शॉप अशा वेगवेगळ्या हातांतून जाते, आणि ड्रॉइंगमधला बदल या सगळ्यांपर्यंत मेल, व्हॉट्सॲप आणि फोन अशा तिन्ही वाटांनी पोहोचतो. माल अडकला की पहिला मेल येतो तो बहुधा इन्काराचा.

असा मेल वाचताना पहिले काम म्हणजे त्यातली विधाने सुटी करणे. इन्कार एका दमात लिहिलेला असतो, पण त्यात बहुतेक वेळा दोन-तीन वेगळे दावे असतात आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. ‘मला पाठवलं नाही’ हे पत्त्यांच्या यादीवरून कळते. ‘मी मान्यता दिली नाही’ हे त्याच्या स्वतःच्या उत्तरावरून आणि ते उत्तर कोणत्या प्रश्नाला होते यावरून ठरते. ‘मी वाचलं नाही’ हे मात्र मेलवरून सहसा सिद्ध होत नाही. हे दावे एकत्र ठेवले की एक खोटा निघाल्यावर सगळेच खोटे मानले जातात, आणि तिथेच तपासणाऱ्याची बाजू कच्ची पडते.

एक नमुना

पुढील उदाहरण रीत समजावी म्हणून रचले आहे. बेअरिंग हाउसिंगच्या कास्टिंगमधील तयार बोअर, म्हणजे आतले गोल भोक, 80 मिमी आहे. ड्रॉइंगच्या पहिल्या आवृत्तीत, Rev A मध्ये, कातकामासाठी जादा ठेवायचा धातू, मशिनिंग अलाउन्स, प्रत्येक बाजूस 3 मिमी, म्हणजे ओतीव बोअर 74 मिमी. Rev B मध्ये तो 4 मिमी झाला, म्हणजे बोअर 72 मिमी. ओतताना भोकाची जागा राखणारा वाळूचा गाभा म्हणजे कोअर, आणि तो घडवायचा साचा म्हणजे कोअर बॉक्स. (कोअर बॉक्समध्ये धरायची आकुंचनाची भर इथे बाजूला ठेवली आहे.) नव्या मापाची 240 कास्टिंग मशीन शॉपला गेली, पण तिथे नग पकडणाऱ्या फिक्श्चरचा, बोअरमध्ये शिरणारा लोकेटर 74 साठी केलेला असल्याने एकही नग त्यावर बसेना. 24 जूनला डेव्हलपमेंटच्या विभागप्रमुखांचा मेल आला: ‘4 मिमीला मी मान्यता दिलेली नाही. Rev B मला कोणी पाठवलाच नाही. पॅटर्न शॉपने परस्पर बदल केला.’

दावे तीन आहेत. साखळीत मागे गेल्यावर दिसते ते असे. 3 जूनला मार्केटिंगने Rev A सगळ्यांना पाठवला आणि त्याच संध्याकाळी विभागप्रमुखांनी ‘ठीक आहे, पॅटर्न लावा’ असे उत्तर दिले. पॅटर्न शॉपने मार्केटिंगला पोच दिली. 9 जूनला मार्केटिंगने त्या पोचेच्या मेलवरच साधे Reply दाबून Rev B जोडला. त्यामुळे तो फक्त पॅटर्न शॉपला गेला, विभागप्रमुखांना नाही. विषयाच्या ओळीत अजूनही ‘Rev A’ असेच होते. सकाळी 11:31 ला पॅटर्न शॉपने विभागप्रमुखांना To मध्ये घेऊन विचारले: ‘बोअरचा कोअर 74 वरून 72 करावा लागेल, कोअर बॉक्सला दोन दिवस जातील. करू का?’ संध्याकाळी 6:20 ला विभागप्रमुखांचे उत्तर: ‘करा. शनिवारपर्यंत पाहिजे.’

आता एकेक दावा पाहू. ‘Rev B पाठवलाच नाही’ हे अक्षरशः खरे आहे. मार्केटिंगच्या मेलवर त्यांचा पत्ता नाही. पॅटर्न शॉपच्या मेलमधूनही ड्रॉइंग गेले नाही, कारण Reply करताना जोडलेली फाइल पुढे जात नाही, ती Forward केल्यावरच जाते. ‘परस्पर बदल केला’ हे खोटे आहे, कारण विचारणा झाली आणि होकारही आला. ‘4 मिमीला मान्यता नाही’ हा दावा जपून वाचावा लागतो. त्यांच्या उत्तरात 4 हा आकडा नाही. पण ज्या प्रश्नाला ‘करा’ म्हटले त्यात 72 हा आकडा आहे, आणि 80 मधून 72 वजा करून दोन बाजूंत वाटले की 4 मिमीच उरतात. म्हणजे त्यांनी ड्रॉइंग न पाहता मापाला होकार दिला. ‘साहेब खोटं बोलतायत’ असे म्हणून हे सांगता येणार नाही. ड्रॉइंग त्यांच्याकडे आले नव्हते ही गोष्ट आधी मान्य करूनच पुढचे बोलता येते.

उत्तर कशाला होते हे कसे ओळखावे

साऱ्या पडताळणीचा कणा हाच आहे. ‘ओके’, ‘करा’, ‘चालेल’ ही उत्तरे स्वतः काहीच सांगत नाहीत, त्यांचा अर्थ आधीच्या प्रश्नात असतो. मेलच्या पडद्यावर एकाखाली एक दिसणारा क्रम मात्र फसवा ठरू शकतो. वेळेनुसार आधीचा दिसणारा मेल म्हणजे ज्याला उत्तर दिले तोच मेल असेल असे नाही, कारण साखळीला मधूनच फाटे फुटतात. वरच्या उदाहरणात ‘करा’ हे उत्तर विभागप्रमुखांनी 3 जूनचा जुना मेल उघडून दिले असते, तर ते Rev A बद्दल होते असा त्यांचा युक्तिवाद खरा ठरण्याची शक्यता होती.

हे मेलच्या मूळ मथळ्यात, म्हणजे हेडरमध्ये, पाहता येते. जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन ठिपक्यांत Show original निवडले की मथळा उघडतो. त्यात शोधायच्या ओळी अशा:

```
Date: Mon, 9 Jun 2025 18:20:41 +0530
Message-ID: <vp-1820@example.com>
In-Reply-To: <ps-1131@example.com>
```

Message-ID ही त्या मेलची स्वतःची खूण आणि In-Reply-To ही ज्याला उत्तर दिले त्या मेलची खूण. पॅटर्न शॉपच्या मूळ मेलचा Message-ID उघडून तो या ओळीशी अक्षरशः जुळला, तर ‘करा’ हे त्यालाच उत्तर म्हणून पाठवले गेले. जुळला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नये. काही जण कोणताही जुना मेल उघडून त्यावरच नवे काही लिहितात, त्यामुळे ही खूण मजकुरासोबतच वाचावी लागते.

वेळेबाबत एक घोटाळा नेहमी होतो. Date ची ओळ पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाते, तर Received च्या ओळी वाटेतले सर्व्हर लिहितात आणि त्यांत वेळ दुसऱ्या देशाची असू शकते. वरचा मेल तिथे 05:50 -0700 असा दिसला, तर तो पहाटेचा नव्हे. -0700 वरून +0530 वर येताना साडेबारा तास मिळवायचे असतात, म्हणजे तो संध्याकाळी 6:20 चाच मेल.

खालचा अवतरणाचा मजकूर पुरावा मानू नये. उत्तराच्या तळाशी जी जुनी पत्रे चिकटून येतात ती साधा मजकूर असतात. पाठवणारा त्यातली ओळ गाळू किंवा बदलू शकतो, आणि बऱ्याचदा मुद्दाम नव्हे तर मेल आटोपशीर करताना ती गळते. म्हणून प्रत्येक मेल त्याच्या मूळ प्रतीतच उघडावा. ती आपल्या पेटीत नसेल तर ज्याला थेट गेली त्याच्याकडून मागावी.

शोध घेताना विषयाच्या ओळीवर भिस्त ठेवली की Rev B सापडतच नाही, कारण विषय जुनाच राहिलेला असतो. त्यापेक्षा तारीख आणि जोडफाइल धरून शोधावे:

```
from:marketing@example.com has:attachment after:2025/06/05
```

रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीचीही अडचण असते. एकच होकार ‘thik ahe’, ‘theek aahe’, ‘tik aahe’ असा कसाही लिहिलेला असतो, म्हणून शब्दाऐवजी 72 सारखा आकडा शोधणे जास्त भरवशाचे. शिवाय जीमेलमध्ये विषय बदलला की मेलची नवी साखळी सुरू होते, तेव्हा उघडी दिसणारी साखळी पूर्ण आहे असे धरून चालू नये.

व्हॉट्सॲपवरचा भाग असेल तर तिथे पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो आणि बदललेल्या संदेशावर तशी खूण राहते. सर्वांसाठी पुसलेल्या संदेशाच्या जागी तो पुसल्याची ओळ उरते. ती ओळ संदेश होता एवढेच सांगते, त्यात काय होते ते नाही. फॉरवर्ड केलेल्या संदेशावरची वेळ मूळ संदेशाची नसते, हेही लक्षात ठेवावे.

उत्तर देताना

कोल्हापूरच्या कारखान्यांत वरिष्ठाला सगळ्यांसमोर Reply all वर आकडे दाखवणे म्हणजे पुढचे सहा महिने त्या विभागाकडून काम अडवून घेणे. आधी प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर, मग लेखी, हा क्रम चांगला. लेखी मजकूर तारीख, वेळ आणि मूळ शब्द एवढ्यावरच ठेवावा. उदाहरणार्थ: ‘साहेब, Rev B चं ड्रॉइंग तुमच्या मेलवर गेलेलं नाही, ही आमच्या बाजूची चूक आहे. कोअर 74 वरून 72 करण्याबद्दल 9 जून, सकाळी 11:31 चा मेल आणि त्यावर संध्याकाळी 6:20 चं तुमचं “करा” हे उत्तर सोबत जोडलं आहे. मशीन शॉपला नवं माप कुणी कळवायचं होतं, हे त्यात कुठेच नाही. ते ठरवायला उद्या बसू या का?’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. 240 नग ज्या कारणाने अडले ते कारण इन्काराच्या तिन्ही दाव्यांत नाहीच. मशीन शॉपचा पत्ता नव्या मापाच्या एकाही मेलवर नव्हता.

इन्कार करणारा जाणूनबुजून खोटे बोलतो असे गृहीत धरू नये. दिवसात पन्नास मेलांना मोबाइलवरून ‘करा’ लिहिणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांनी त्यातला एक आठवत नाही, आणि विषयाच्या ओळीत Rev A वाचल्याचे त्याला पक्के आठवते. साखळीतून काय लिहिले गेले तेवढेच कळते. मध्ये फोनवर काही ठरले असेल, तर ज्याने फोन केला त्याने त्यानंतर मेलने दुजोरा दिला होता का, एवढेच विचारता येते.

प्रकरण ग्राहकाच्या डेबिट नोटपर्यंत किंवा न्यायालयापर्यंत जाणार असेल तर स्क्रीनशॉटवर थांबू नये. जीमेलच्या त्याच पानावरून Download original ने मेलची मूळ .eml फाइल घ्यावी, म्हणजे मथळाही सोबत राहतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ मेल ज्या खात्यात आहे ते खाते, विशेषतः नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे, वाद मिटेपर्यंत बंद करू नये.