एका वेळचे लाख आणि दिवसाचे लाख

यूपीआयवरून एका वेळी एक लाख रुपये जातात आणि दिवसाला एकूणही एक लाखच जातात. आकडा एकच असल्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात ही एकच मर्यादा असते. प्रत्यक्षात त्या दोन आहेत, दोन वेगळ्या भीतींपोटी घातलेल्या, आणि मोजण्याची पद्धतही वेगळी. एरवी फरक कळत नाही. मोठी रक्कम द्यायची वेळ आली की कळतो.

कर्वेनगरमध्ये भाड्याने फ्लॅट घेणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. डिपॉझिट 1,30,000. शनिवारी संध्याकाळी घरमालक समोर, एजंट शेजारी, किल्ली टेबलावर. पहिल्यांदा पैसे पाठवताना शहाणा माणूस करतो तेच यांनी केलं: आधी एक रुपया पाठवला, घरमालकांच्या खात्यात जमा झाल्याची खात्री केली. मग एक लाख टाकले, पिन टाकला, आणि व्यवहार फेटाळला गेला. खात्यात पैसे आहेत, रक्कम बरोबर एक लाख, मग अडलं कुठे?

एका वेळच्या मर्यादेत ते बसतच होते. अडले ते दिवसाच्या मर्यादेत. सकाळी मंडईत 180 रुपयांची भाजी स्कॅन करून घेतली होती, आता हा एक रुपया. म्हणजे 181 रुपये आधीच खर्ची पडले आणि दिवसाच्या लाखातले उरले 99,819. बहुतेक बँका माणसाला पाठवलेले आणि साध्या दुकानात दिलेले पैसे एकाच बेरजेत धरतात. त्यांनी 99,000 टाकले, ते लगेच गेले. राहिले 31,000.

इथे एजंटचा ठरलेला सल्ला आला, “काका, दुसऱ्या ॲपवरून टाका ना.” उपयोग शून्य. ही बेरीज ॲप करत नाही, तुमची बँक त्या खात्यावर करते. ॲप कुठलंही असो, पैसे त्याच खात्यातून निघणार. रकमेचे तुकडे करूनही काही होत नाही, कारण तुकड्यांनी फक्त एका वेळची मर्यादा चुकवता येते. दिवसाची मर्यादा बेरजेवर असते, आणि तुकडे केले म्हणून बेरीज काही कमी होत नाही.

मग दोन्ही मर्यादा हव्यात कशाला? एका वेळची मर्यादा चुकीसाठी आहे. यूपीआयमध्ये समोरच्याचं नाव आधी नोंदवावं लागत नाही. मोबाइल नंबर टाकला किंवा कोड स्कॅन केला, चार-सहा आकड्यांचा पिन दाबला की पैसे त्या क्षणी समोरच्याच्या खात्यात. परत बोलवायची सोय नाही. एखादं शून्य जास्त पडलं, भलताच नंबर निवडला, किंवा ‘साहेब, कस्टम्समधून बोलतोय’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवला, तर एका फटक्यात किती जाईल हे ही मर्यादा ठरवते. दिवसाची मर्यादा चोरीसाठी. फोन आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हातात पडले तर तो एकदा पैसे काढून थांबत नाही. तुमच्या लक्षात येऊन तुम्ही बँकेला फोन करेपर्यंत एकूण किती जाऊ शकतं, त्याला हा बांध. माणसांना पाठवायच्या व्यवहारांची दिवसाची संख्याही 20 वर थांबवली आहे, तीही याचसाठी.

आणखी एक कारण ग्राहकाला कधी दिसत नाही. समोरच्याच्या खात्यात पैसे लगेच दिसतात, पण तुमच्या बँकेने त्याच्या बँकेला ते तेव्हाच दिलेले नसतात. बँकांचा आपापसातला हिशेब दिवसातून ठरावीक वेळा एकत्र मिटतो. तोवर एकमेकींची उधारी चालू असते, आणि मर्यादांमुळे ती आवाक्यात राहते.

नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले 24 तास सगळे मिळून 5,000 रुपयेच जातात, त्याचाही उगम चोरीतच. कोणी तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढून स्वतःच्या फोनवर खातं जोडलं, तर पहिल्या दिवशी त्याच्या हाती फार लागू नये. पण म्हणूनच डिपॉझिट द्यायच्या आदल्या दिवशी नवा फोन घेऊ नये. लोक नेमका तोच मुहूर्त साधतात.

आता त्याच गृहस्थांनी आठवडाभर आधी मुलाच्या इंजिनीअरिंग कॉलेजची 1,40,000 फी यूपीआयनेच, एका झटक्यात भरली होती. तेव्हा लाखाची आडकाठी आली नाही, कारण पैसे माणसाला जात नव्हते. कॉलेज हे शिक्षण या वर्गात नोंदलेला व्यापारी आहे. शिक्षण आणि रुग्णालयांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2023 मध्ये ही मर्यादा पाच लाखांवर नेली. 15 सप्टेंबर 2025 पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने आणखी काही वर्गांना सूट दिली: विमा आणि शेअर बाजारासाठी एका वेळी पाच लाख, दिवसाला दहा, दागिन्यांसाठी एका वेळी दोन लाख, दिवसाला सहा. लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे म्हणूनच दोन-दोन लाखांचे तीन व्यवहार चालू शकतात. इथे दोन मर्यादा वेगळ्या आहेत, त्यामुळे तुकडे करण्याला अर्थ आहे. माणसाला पैसे देताना दोन्ही लाखच, म्हणून तिथे अर्थ नाही.

यात एक मेख आहे. क्लासच्या सरांनी फीसाठी स्वतःच्या खात्याचा कोड भिंतीवर लावला असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, यंत्रणेच्या लेखी ते एक माणूस आहेत आणि मर्यादा लाखाची. शिवाय एनपीसीआयचा आकडा ही कमाल. तुमची बँक त्याहून कमी ठरवू शकते, ॲपही ठरवू शकतं, आणि या तिघांत जो आकडा सगळ्यात लहान तोच लागू होतो. छोट्या सहकारी बँकांच्या खातेदारांना हे सहसा ऐन वेळी कळतं.

छोट्या खर्चासाठी थोडे पैसे ॲपमधल्या पाकिटात वेगळे ठेवायच्या यूपीआय लाइटचा हिशेब उलटा आहे. त्यात पिनच नाही, म्हणून एका वेळी 1,000 आणि पाकिटात कमाल 5,000. फोन हरवला तर जायचं ते तेवढंच.

राहिले ते 31,000. दिवसाचा लाख काही बँकांत मध्यरात्री नव्याने सुरू होतो, काहींत 24 तास मोजून. त्यामुळे ‘उद्या सकाळी नक्की’ असं घरमालकाला सांगण्याआधी आपल्या बँकेचं पाहावं. बायकोच्या खात्यातून देता येतील, तिची बेरीज वेगळी. बँकेच्या ॲपमधून आयएमपीएसही आहे. तिथे कमाल पाच लाख, पण घरमालकाचं खातं सहसा आधी जोडावं लागतं, आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर अनेक बँका पहिले काही तास किंवा दिवसभर कमीच रक्कम जाऊ देतात. आरटीजीएसचा प्रश्नच नाही, ते दोन लाखांपासून पुढे.

खरं तर घरमालकाचं खातं दोन दिवस आधी जोडून ठेवलं असतं, तर सगळे 1,30,000 एनईएफटीने एकदम गेले असते. रिझर्व्ह बँकेची त्याला कमाल मर्यादा नाही, बँकेने ऑनलाइनसाठी ठेवलेली असेल तेवढीच. पैसे दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यात जातात, आणि डिसेंबर 2019 पासून शनिवारी रात्रीही जातात.