खोली सोडायची सकाळी १० वाजता, गाडी रात्री: मधल्या वेळेचं काय?

कोल्हापुरात आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या बऱ्याच पाहुण्यांची परतीची गाडी रात्रीची असते, एकतर महालक्ष्मी एक्सप्रेस नाहीतर ट्रॅव्हल्स. त्यामुळे काउंटरवर रोज एक प्रश्न येतोच, ‘‘संध्याकाळपर्यंत खोली राहू द्या की.’’ बहुतेक वेळा आम्हाला नाही म्हणावं लागतं. ते का, आणि त्याऐवजी आम्ही काय करू शकतो, ते इथे लिहितो.

आधी हिशेबाचा गोंधळ. काही लॉजमध्ये चोवीस तासांचं चेकआउट असतं, म्हणजे संध्याकाळी ६ ला आलात तर दुसऱ्या दिवशी ६ ला खोली सोडायची. आमच्याकडे तसं नाही. तुम्ही कधीही या, दिवस सकाळी १० ला संपतो. बुकिंगच्या वेळी हे सांगतो, पण प्रवासाच्या गडबडीत ते राहून जातं.

मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी आणि पौर्णिमेला अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या दर्शनाची गर्दी असते. त्या दिवशी एकदम आठ खोल्या रिकाम्या होतात आणि त्याच आठ दुपारी १ ला पुढच्या लोकांना द्यायच्या असतात. साफसफाईला दोनच माणसं. चादरी-अभ्रे बदलणं, बाथरूम घासणं, फरशी वाळू देणं, असे एका खोलीला सुमारे चाळीस मिनिटं लागतात. एकेकाच्या वाट्याला चार खोल्या धरल्या तर पावणेतीन तास तिथेच गेले. त्यातून धोब्याचा टेम्पो साडेअकराला येतो. त्यात न गेलेल्या चादरी दुसऱ्या दिवसावर पडतात. अर्धा तास पुढे-मागे झाला तर आम्ही काही बोलत नाही. पण एका पाहुण्याला ५ पर्यंत खोली दिली, की त्याच खोलीचं बुकिंग केलेलं कुटुंब चार तास जिन्यावर बसतं. हे आमच्याकडून एकदा झालंय, पुन्हा करणार नाही.

इतर दिवशी खोली रिकामी राहणार असेल तर अर्ध्या भाड्यात ५ पर्यंत देतो. मात्र आदल्या रात्री ८ नंतर विचारा. दुसऱ्या दिवशीचं बुकिंग तेव्हाच कळतं. सकाळी साडेनऊला विचारलंत तर उत्तर बहुधा नाहीच असेल.

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीचं एक कुटुंब होतं, पाच माणसं आणि सात बॅगा. आजींचे गुडघे दुखत होते. त्यांना खोली देता आली नाही, म्हणून सामान काउंटरमागच्या खोलीत ठेवलं. प्रत्येक बॅगेला नंबराचा बिल्ला बांधतो, त्याचा जोडबिल्ला तुमच्या हातात. पूर्वी नुसतं नाव लिहायचो, तेव्हा दोन सारख्या निळ्या बॅगा अदलाबदल होऊन एक सांगलीपर्यंत गेली होती. आता बिल्ला जुळल्याशिवाय बॅग हलत नाही. यासाठी पैसे घेत नाही.

बॅगेला कुलूप लावा. पैसे, दागिने, लॅपटॉप आणि रोजची औषधं जवळच ठेवा, त्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही. आणि एक कोल्हापुरी सूचना: गुळाची ढेप कागदात गुंडाळलेली असेल तर काउंटरवर सांगा, स्टीलच्या डब्यात ठेवून देतो. नाहीतर संध्याकाळी बॅगेवर मुंग्यांची रांग लागलेली दिसेल. काकवीची बाटली आडवी ठेवू नका, झाकण कितीही घट्ट वाटलं तरी ती पाझरतेच.

आजी आणि त्यांची सून तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत थांबल्या. तिथे आडवं व्हायला एक दिवाण आहे, पंखा, चार्जिंगचे पॉइंट आणि स्वच्छतागृह आहे. लहान बाळ असलेल्या आईसाठी पडद्याआडचा कोपरा आहे. दिवाणावर पहिला हक्क वयस्करांचा आणि आजारी माणसाचा. खोलीत सात-आठ माणसं नीट बसतात, त्याहून जास्त झाली की कोंदट होतं, म्हणून हिंडू-फिरू शकणाऱ्यांनी बाहेर पडलेलं बरं. बाकीचे तिघे न्यू पॅलेसचं संग्रहालय बघून रंकाळ्यावर गेले.

संध्याकाळी ६ ला सगळे परतले. त्या वेळी तळमजल्यावरचं एक बाथरूम जाणाऱ्या पाहुण्यांसाठी उघडतो. सकाळी अंघोळींनी सोलरचं पाणी संपलेलं असलं तरी दिवसभराच्या उन्हाने संध्याकाळी ते पुन्हा कडक झालेलं असतं. पावसाळ्यात मात्र याची खात्री नाही. टॉवेल आपला आणा, आमचा हवा असेल तर ३० रुपये.

सामान रात्री साडेदहापर्यंतच ठेवता येतं, मुक्कामाला नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणार असाल तर गाडीच्या तासभर आधी बॅगा ताब्यात घ्या आणि रिक्षा आमच्याकडूनच बोलावून घ्या. संध्याकाळी महाद्वार रोडच्या बाजूला सामानासकट रिक्षा शोधत फिरणं सोपं नाही.